अकाली जन्मलेल्या बाळाची निद्रा : आधी वय मोजावे, मग तक्रार ऐकावी



आपल्या चिकित्सालयात वा औषधालयात येणाऱ्या तान्ह्या बाळांच्या तक्रारींत ‘बाळ रात्री झोपत नाही’ ही तक्रार नित्याची आहे. परंतु हे बाळ दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले असेल, तर या एका वाक्याचा अर्थ पुष्कळदा निराळा असतो. हातखंबा तिठ्याच्या परिसरात व्यवसाय करताना अशी बाळे माझ्याकडे नियमाने येतात. रत्नागिरीच्या वा कोल्हापूरच्या नवजात अतिदक्षता कक्षातून घरी आलेले बाळ पुढील वर्षभर वजन, भूक, सर्दी, झोप अशा निमित्ताने जवळच्या वैद्याकडेच येते. त्या बाळाचे खरे वय कोणते, हे ठरविल्याखेरीज त्याच्या निद्रेविषयी काहीही बोलणे सयुक्तिक नाही, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. प्रस्तुत लेखात एका रुग्णाच्या आधारे हा विषय मांडीत आहे.

रुग्णवृत्त

दि. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी एक आजी आपल्या सुनेसह नात घेऊन आल्या. जन्मतारीख १० जून २०२३, म्हणजे बाळ साडेचार महिन्यांचे. तक्रार अशी की, बाळ दर दोन-अडीच तासांनी उठते, झोपेत सतत कण्हते, कुथते, हातपाय झाडते. ‘शेजारणीचा नातू हिच्याच वयाचा, तो रात्री नऊला निजतो तो पहाटेच उठतो. हिला काहीतरी झालंय, डॉक्टर,’ असे आजींचे म्हणणे. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी झोपेसाठी गुटी सुरू केली होती. जायफळाचे वेढे सहाणेवर रोज वाढत होते. गुटी दिल्यावर बाळ सलग सहा तास झोपले, म्हणून घरात समाधान होते. आठवडाभराने मात्र वजन वाढेना, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. वजन ४ किलो ७०० ग्रॅम भरले.

मी सुनेकडे रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड मागितले. त्यावर प्रसूतीची संभाव्य तारीख १२ ऑगस्ट २०२३ अशी होती. जन्माच्या वेळी गर्भकाल ३१ आठवडे पूर्ण, जन्मवजन १४२० ग्रॅम. ३४ दिवसांनी बाळ घरी आले होते. आता हिशेब पाहा. जन्मापासून तपासणीच्या दिवसापर्यंत १४० दिवस, म्हणजे बरोबर २० आठवडे झाले. गर्भकाल ४० आठवड्यांचा धरतात, त्यातील ९ आठवडे बाळाला गर्भाशयात मिळाले नाहीत. २० मधून ९ वजा जाता ११ आठवडे उरले. तेव्हा हे बाळ साडेचार महिन्यांचे नव्हे, अडीच महिन्यांचे होते. अडीच महिन्यांचे कोणतेही बाळ दर अडीच तासांनी उठले, तर त्यास आपण व्याधी म्हणत नाही.

यासच सुधारित वय, बालरोगतज्ज्ञांच्या भाषेत करेक्टेड एज, म्हणतात. आठवड्यांची वजाबाकी करण्याचा कंटाळा असेल तर एक सोपी रीत आहे. बाळ संभाव्य तारखेलाच जन्मले असे समजावे आणि त्या तारखेपासून दिवस मोजावेत. १२ ऑगस्ट ते २८ ऑक्टोबर हे ७७ दिवस होतात, म्हणजे पुन्हा ११ आठवडेच. वाढ, विकास आणि निद्रा यांचा विचार साधारण दोन वर्षांपर्यंत या वयाने करावयाचा असतो. लसीकरण मात्र जन्मतारखेनेच होते. सुधारित वयाच्या नावाखाली सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या लसी पुढे ढकलल्या गेल्याचे मी पाहिले आहे. तसे होऊ देऊ नये.

वय मोजताना होणारी चूक

कार्ड हाती नसल्यास नातलगांच्या सांगण्यावर विसंबावे लागते, आणि तेथेच घोटाळा होतो. ‘आठव्या महिन्यात झालं’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. आठवा लागला असता म्हणजे साधारण ३१ आठवडे, आणि आठवा पूर्ण भरला असता म्हणजे जवळजवळ ३५ आठवडे. या दोहोंत चार आठवड्यांचे अंतर आहे. तान्ह्या बाळाच्या निद्रेच्या हिशेबात चार आठवडे म्हणजे फार मोठे अंतर. म्हणून ‘कितवा महिना’ असे न विचारता माता-बाल संरक्षण कार्डावरील संभाव्य तारीख पाहावी. ते हरवले असल्यास शेवटच्या पाळीची तारीख किंवा पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा अहवाल मागवावा. पाळी अनियमित असेल, तर तो लवकरचा अहवालच अधिक भरवशाचा.

याच संदर्भात सातव्या महिन्याचे बाळ जगते, आठव्याचे जगत नाही, हा समज आजही आपल्या भागात ऐकू येतो. चरकाचार्यांनी आठव्या मासात ओज माता व गर्भ यांच्या दरम्यान अस्थिर असल्याचे सांगून त्या काळातील प्रसव धोक्याचा मानला आहे. त्या मासात प्रसव टाळावा, हा त्यातील आशय आजही योग्यच आहे. परंतु सातवा बरा आणि आठवा वाईट असा अर्थ त्यातून काढू नये. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या लाभाचाच असतो. चरकांनी गर्भाची वृद्धी मासानुमासिक वर्णन केली आहे, म्हणजे बाळाचे वय गर्भाधानापासून मोजण्याची दृष्टी आपणास नवी नाही. सुधारित वय हा शब्द संहितांत नाही, मात्र तो विचार समजून घेण्यास आपल्याला अडचण पडू नये.

अपक्व निद्रेचे स्वरूप

आजींची दुसरी तक्रार कण्हण्या-कुथण्याची होती. तिचे कारण समजावून घेणे आवश्यक आहे. तान्ह्या बाळाची निद्रा दोन प्रकारची असते. एकीत डोळे पापण्यांखाली हलतात, चेहरा आक्रसतो, हातपाय झटकतात, श्वास कमीअधिक होतो आणि घशातून आवाज येतात. हिला चंचल निद्रा म्हणू. दुसरीत बाळ निश्चल पडते व श्वास संथ चालतो. ती शांत निद्रा. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची निम्मी झोप चंचल असते. अकाली जन्मलेल्या बाळात तिचे प्रमाण याहूनही बरेच अधिक असते, कारण शांत निद्रा गर्भकालाच्या अखेरच्या आठवड्यांत हळूहळू आकारास येते. त्यामुळे असे बाळ झोपेत जागे असल्यासारखे दिसते. आई त्यास उचलते, आणि खरोखर झोपलेले बाळ जागे होते. पोटात वायू धरला म्हणून ओवा, हिंग, बाळंतशोपा सुरू होतात. या मातेस मी एवढेच सांगितले, की आवाज आल्यावर एक मिनिट थांबून पाहावे. डोळे मिटलेले असतील आणि बाळ रडत नसेल, तर हात लावू नये. या एका सूचनेने रात्रीच्या उठण्यांपैकी निम्मी कमी झाली, असे तिने पुढच्या भेटीत सांगितले.

दिवस आणि रात्र यांचा भेद बाळास उपजत नसतो. पूर्ण दिवसांच्या बाळात तो दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास दिसू लागतो. अकाली जन्मलेल्या बाळात तो सुधारित वयाच्या दोन-तीन महिन्यांस अपेक्षावा. या बाळाचा तो काळ नुकताच सुरू होत होता. त्यासाठी औषध लागत नाही. सकाळी पडवीत उजेडात बाळास घेऊन बसावे, दिवसा खोली अंधारी करू नये, आणि रात्री दूध पाजताना दिवा मंद ठेवून बोलणे टाळावे, एवढे पुरते.

मातेकडून तीन दिवसांची झोपेची नोंद करून घेतली. चोवीस तासांत बाळ सरासरी पंधरा तास झोपत होते. त्यांपैकी रात्रीची सर्वांत लांब झोप साडेआठ ते बारा, म्हणजे साडेतीन तासांची. ‘झोपतच नाही’ असे म्हटले जाणारे बाळ पंधरा तास झोपत होते. ही नोंद मी आता प्रत्येक वेळी करावयास लावतो. वहीतील आकडे पाहून आजींचे निम्मे समाधान तेथेच झाले.

गुटी, मध व औषधालयातील मागणी

जायफळ निद्राकर आहे, हे आपणास सांगावयास नको. परंतु सहाणेवरील वेढ्यांनी त्याची मात्रा निश्चित होत नाही, आणि चार किलोच्या बाळात औषधी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडे राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अशा बाळाचे रात्री उठणे हीच त्याची वजनवाढीची सोय असते. ते लहान जठर थोडे थोडे दूध अनेकदा घेते. सहा तासांची कृत्रिम झोप म्हणजे दोन पाजण्या बुडाल्या. या बाळाचे वजन याच कारणाने थांबले होते. गुटी बंद केल्यावर पुढील दहा दिवसांत ते २५० ग्रॅमने वाढले.

मधाविषयी मतभेद होतील, तरी मी स्पष्ट लिहितो. लेहनविधीत मधाचे स्थान मोठे आहे, हे मान्य. परंतु मधात क्वचित आढळणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बाळात स्नायूंना शिथिल करणारा गंभीर विकार होऊ शकतो, आणि त्याची सुरुवात मलावरोध, मंद चोखणे व सुस्ती यांनी होते. सुस्ती व झोप यांत घरच्यांना भेद कळत नाही. म्हणून वर्षाखालील बाळास, विशेषतः अकाली जन्मलेल्यास, मी मध देत नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंकडे आजी-आजोबा थेट येतात. ‘बाळाला झोप येईल असं काहीतरी द्या’ ही मागणी त्यांना रोजची आहे. प्रोमेथझिनयुक्त सर्दीची पातळ औषधे झोप येते म्हणून मागितली जातात. ती दोन वर्षांखालील बाळास देऊ नयेत, कारण श्वसन मंदावून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. बाळ किती महिन्यांचे, एवढेच न विचारता ‘दिवस भरले होते का?’ हा दुसरा प्रश्न विचारला, तर बहुतेक वेळा बाटली न विकताच गिऱ्हाईक समजूत घेऊन परत जाते.

सुधारित वयाने काय समजावून देता येत नाही

येथे माझी एक जुनी चूक सांगणे मला आवश्यक वाटते. २००९ साली ३३ आठवड्यांचे जन्मलेले एक बाळ चार आठवड्यांचे असताना माझ्याकडे आले. आई म्हणाली, ‘फार गुणी आहे, दिवसभर झोपतं, दुधालाही उठत नाही.’ गर्भवय ३७ आठवड्यांचे असल्याने ते अधिक झोपणारच, असे सांगून मी तिला धीर दिला. दुसऱ्या दिवशी बाळ थंड पडले. जंतुसंसर्ग निघाला. वेळेत रत्नागिरीस नेल्यामुळे बाळ वाचले, पण त्यात माझ्या सल्ल्याचा वाटा नव्हता.

तेव्हापासून मी एक भेद पक्का धरला आहे. सुधारित वय हे जागे राहण्याचे स्पष्टीकरण देते, न उठण्याचे देत नाही. अपक्व बाळ अधिक झोपते हे खरे, परंतु दोन-तीन तासांनी उठविले असता ते जागे होऊन जोराने चोखते. उठवूनही जे चोखत नाही, पाजण्या निम्म्यावर आल्या आहेत, तळपाय व पोटही थंड लागते किंवा ज्वर आहे, ते बाळ आपल्या चिकित्सालयाचे नव्हे, त्याच दिवशी रुग्णालयाचे.

श्वासाचेही तसेच. झोपेत पाच ते दहा सेकंद श्वास थांबून पुन्हा भराभर चालू लागणे, या वेळी वर्ण न बदलणे, हे अपक्व बाळात आढळते व वयाने जाते. वीस सेकंद वा अधिक श्वास थांबला, किंवा त्याहून कमी वेळ थांबूनही ओठ निळसर वा बाळ शिथिल झाले, तर ती आणीबाणी समजावी. घरच्यांना घड्याळ लावून मोजण्यास शिकवावे. ‘श्वास अडकतो’ एवढ्या वर्णनावर निर्णय करू नये.

आणखी एक गोष्ट आमच्या गावामुळे माझ्या ध्यानात आली. तिठ्यावर मुंबई-गोवा आणि रत्नागिरी-कोल्हापूर या मार्गांची वाहने रात्रंदिवस चालतात. ट्रकच्या हॉर्ननेही बाळ उठत नाही, असे कौतुकाने सांगितले जाते. नित्याच्या आवाजास बाळे सरावतात, हे खरे. परंतु अकाली जन्म, दीर्घ रुग्णालयवास व तीव्र कावीळ यांनी श्रवणदोषाची शक्यता वाढते. झोप हलकी असताना भांडे पडल्यावर बाळ दचकते का, हे विचारावे. श्रवणचाचणी झाल्याची नोंद कार्डावर नसेल, तर ती करवून घ्यावी. नेत्रपटलाची तपासणी तर याहून तातडीची असते. ३४ आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोंहून कमी वजनाचे जन्मलेल्या बाळात ती जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हावी लागते, फार लहान बाळात त्याहूनही आधी. तो काळ हातचा गेला तर दृष्टी परत मिळविता येत नाही. येथे जन्मतारीखच मोजावी. या बाळाच्या दोन्ही तपासण्या झालेल्या होत्या.

झोपविण्याची पद्धत

अतिदक्षता कक्षात बाळास पुष्कळदा पालथे निजवितात. ते पाहून घरीही तसेच केले जाते. तेथे छातीस यंत्र जोडलेले असते, हे कुणी सांगत नाही. घरी प्रत्येक झोपेस बाळ उताणेच निजवावे. अकाली जन्मलेल्या बाळात झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका अधिक असतो आणि पालथे निजविल्याने तो वाढतो. अंथरूण सपाट व घट्ट असावे. डोके गोल व्हावे म्हणून वापरली जाणारी राईची उशी काढावयास सांगावी, कारण मानेखाली उंची आल्याने हनुवटी छातीस टेकून अरुंद श्वासमार्ग दबतो. कापडी झोळीतही हेच घडते. झोका द्यायचा असल्यास समोर बसून द्यावा, रात्री झोळीत ठेवू नये. मातेजवळ, हात पोचेल इतक्या अंतरावर स्वतंत्र गोधडी हे उत्तम. बंद खोलीतील वावडिंग-ओव्याची धुरी आणि घरातील विडी ही दोन्ही वर्ज्य.

अभ्यंग मात्र निःशंक करावा, बाळ स्थिर असून वजन वाढत असेल तर. कोकणात खोबरेल घरोघर असते, व तेच योग्य. मुंबईत झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेलाच्या मर्दनाने अकाली जन्मलेल्या बाळांचे वजन खनिज तेलापेक्षा अधिक वाढल्याचे दिसले. हात हलका, खोली उबदार आणि नाक-कानात तेल न घालता, एवढे पथ्य पाळावे.

पहिल्या वर्षाचा क्रम

पुढील वर्षभर हे बाळ माझ्या पाहण्यात राहिले, म्हणून क्रम त्याच्याच आधारे सांगतो. सर्व वये सुधारित आहेत. पहिल्या सहा आठवड्यांत तुकड्यातुकड्यांची झोप असते. रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेस पोचते व मग उतरते. या बाळाच्या घरी तो काळ सप्टेंबर अखेरचा होता. जन्मतारखेने बाळ साडेतीन महिन्यांचे झाले, म्हणून ‘आता रडणं कमी व्हायला हवं होतं’ असे वाटून तेव्हाच ती गुटी घरात आली होती. चौथ्या महिन्यात बाळ सलग पाच तास झोपू लागले. याच सुमारास निद्रेची घडण बदलते, त्यामुळे काही बाळे पुन्हा अधिक उठू लागतात. या बाळाने तसे केले नाही. आठव्या-नवव्या महिन्यात आई दिसेनाशी होताच रडण्याची वृत्ती येते. तेव्हा या बाळाचे रात्रीचे उठणे दोनदा-तीनदा झाले व महिन्याभरात ओसरले. चार महिन्यांनंतर वर्षअखेरपर्यंत दिवसाच्या झोपा धरून बारा ते पंधरा तासांची निद्रा समाधानकारक समजावी.

या काळात झोप अस्वस्थ झाली व बाळ फिकट दिसले, तर रक्ताची कमतरता आठवावी. लोहाचा साठा मातेकडून मुख्यतः शेवटच्या तीन मासांत मिळतो. तो या बाळांना पुरता मिळालेला नसतो, म्हणून बालरोगतज्ज्ञ लोहाचे थेंब बरेच महिने देतात. ते ‘काळे पडतात’ म्हणून घरी परस्पर बंद केले जातात. मी प्रत्येक भेटीत ती बाटली आणावयास सांगतो. त्याऐवजी आपला लोहकल्प देण्याचा मोह टाळावा.

सुधारित वयाचीही मर्यादा आहे. त्या वयाच्या दोन महिन्यांस बाळ हसत नाही, चार महिन्यांस मान धरत नाही, नऊ-दहा महिन्यांस आधाराविना बसत नाही, किंवा अंग सतत ताठ वा फार सैल लागते, तेव्हा ‘अकाली जन्मले म्हणून’ हे उत्तर पुरत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांच्या पुढाकाराने १९८७ ते १९८९ या काळातील दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा ती तरुण होईपर्यंत केला गेला. एवढा दीर्घ पाठपुरावा आपल्या हातून होणार नाही, पण मागे पडलेले बाळ पहिल्या वर्षात ओळखून योग्य केंद्राकडे पाठविणे आपल्या आवाक्यातील आहे.

१० जून २०२४ रोजी बाळाचा पहिला वाढदिवस झाला. आजी पुन्हा काळजीत होत्या, कारण शेजारचा नातू चालू लागला होता. बाळ रांगत होते, खाटेस धरून उभे राहत होते, आणि दिवसरात्र मिळून तेरा तास झोपत होते. मी काही सांगण्यापूर्वी सुनेनेच कार्ड काढून त्यांना १२ ऑगस्ट ही तारीख दाखविली. त्या दिवशी बाळ दहा महिन्यांचे होते.